३२० पिक्सेलची कसोटी: छोट्या पडद्यावर संकेतस्थळ तपासण्याचा इतिहास

१/
९ जानेवारी २००७. सॅन फ्रान्सिस्कोतील मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टीव्ह जॉब्स यांनी हातातल्या आयफोनवर न्यूयॉर्क टाइम्सचे संकेतस्थळ उघडले. संगणकावर दिसते तेच संपूर्ण पान तळहाताएवढ्या पडद्यावर अवतरले. अक्षरे अर्थातच मुंगीएवढी होती. जॉब्स यांनी बोटाने दोनदा टिचकी मारली, तसा एक स्तंभ मोठा होऊन वाचनीय झाला. त्या टिचकीच्या आड एक तांत्रिक तडजोड लपलेली होती. संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी ते छोट्या फोनवर नीट दिसते की नाही, चालते की नाही, हे पाहण्याचे आजचे काम बऱ्याच अंशी त्या तडजोडीतून जन्माला आले. हा थ्रेड त्या कामाचा इतिहास सांगतो.

२/
आयफोनपूर्वीही फोनवर वेब होते, पण ते वेगळे वेब होते. १९९९ साली आलेल्या नोकिया ७११० या फोनचा पडदा ९६ × ६५ पिक्सेलचा होता. त्यावर नेहमीची वेबपाने उघडणे शक्यच नव्हते, म्हणून वॅप नावाची निराळी व्यवस्था आणि पाने लिहिण्याची निराळी भाषा तयार झाली. तिच्यात पानाला 'कार्ड' म्हणत आणि कार्डांच्या गठ्ठ्याला 'डेक'. प्रकाशकाला एकच मजकूर दोनदा मांडावा लागे: एकदा संगणकासाठी, एकदा फोनसाठी. फोनसाठीच्या पानाची तपासणीही स्वतंत्रपणे होई. तेव्हा मुख्य प्रश्न साधा होता. पान फोनच्या तुटपुंज्या स्मृतीत मावते का आणि फोनच्या ब्राउझरला त्यातील खुणा समजतात का?

३/
या तपासणीला पहिली ठोस मोजपट्टी मिळाली ती २००८ च्या जुलैमध्ये. वेबचे प्रमाण ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने मोबाइल वेबसाठीच्या उत्तम पद्धतींची शिफारस प्रसिद्ध केली. त्यात एक किमान फोन गृहीत धरलेला होता: पडद्याची वापरता येण्याजोगी रुंदी किमान १२० पिक्सेल आणि संपूर्ण पानाचे वजन, चित्रांसह, जास्तीत जास्त २० किलोबाइट. आज एक लहानसे छायाचित्रही याहून जड असते. या मोजपट्टीमागचा विचार मात्र महत्त्वाचा होता. तपासणी उत्तम फोनवर करायची नसते, तर सर्वांत दुबळ्या फोनवर करायची असते, कारण तिथे चाललेले पान इतरत्र बहुधा चालते. उलट दिशेने असे अनुमान काढता येत नाही.

४/
आता जॉब्स यांच्या टिचकीकडे परत येऊ. पहिल्या आयफोनचा पडदा उभा धरल्यावर ३२० पिक्सेल रुंद होता. त्या काळची बहुतेक संकेतस्थळे मात्र ९०० ते १००० पिक्सेल रुंद पडद्यासाठी बांधलेली होती. ३२० मध्ये ती कोंबली असती तर स्तंभ एकमेकांवर चढले असते. म्हणून आयफोनवरील सफारीने पानाला चक्क खोटे सांगितले: 'माझी रुंदी ९८० पिक्सेल आहे.' पान त्या काल्पनिक ९८० मध्ये मांडले जाई आणि मग ते पूर्ण चित्र आकसून ३२० मध्ये बसवले जाई. मांडणी अभंग राहिली, पण वाचनीयता गेली.

५/
किती गेली, याचे गणित सोपे आहे. ३२० भागिले ९८० म्हणजे सुमारे ०.३३. संगणकावर १६ पिक्सेलचे अक्षर फोनवर जेमतेम ५ पिक्सेलचे उरले. पहिल्या आयफोनवर एका इंचात १६३ पिक्सेल होते. म्हणजे त्या अक्षराची उंची भरली सुमारे ०.८ मिलिमीटर. ॲपलने आपल्या मार्गदर्शिकेत बोटाने दाबायच्या बटणासाठी ४४ एककांचा आकार सुचवला होता. त्या पडद्यावर तो जवळपास ७ मिलिमीटर होतो. आकसलेल्या पानावर तेच ४४ पिक्सेलचे बटण २ मिलिमीटरच्या आसपास उरे. बोटाचे टोक त्याहून कितीतरी रुंद असते, त्यामुळे शेजारची दोन बटणे एकदमच बोटाखाली येत.

६/
या खोट्यातून बाहेर पडण्याची वाटही ॲपलनेच दिली. पानाच्या शीर्षभागात एक ओळ लिहिली की ब्राउझर ९८० चे सोंग सोडून फोनची खरी रुंदी सांगतो:

```
<meta name="viewport" content="width=device-width, initial-scale=1">
```

इतर ब्राउझरांनीही ही ओळ स्वीकारली आणि ती वेबची रूढी झाली. आजही ती विसरलेले पान लगेच ओळखू येते. फोनवर उघडताच ते संपूर्ण पण चिमुकले दिसते, अगदी २००७ च्या त्या प्रात्यक्षिकासारखे. छोट्या पडद्यावरील तपासणीची पहिली पायरी म्हणूनच ही एक ओळ जागेवर आहे का, हे पाहण्याची असते. ती नसेल तर पुढची कोणतीही तपासणी निरर्थक ठरते.

७/
ओळ लिहिली की दुसरा प्रश्न उभा राहिला. ब्राउझर आता खरे बोलू लागला, पण ९६० पिक्सेल रुंद बांधलेले पान ३२० मध्ये मावणार कसे? पहिला उपाय वेगळे मोबाइल संकेतस्थळ हा होता. पत्त्याच्या आरंभी `m.` असलेली ही संकेतस्थळे २०१० च्या सुमारास सर्वत्र होती. ब्राउझर स्वतःची जी ओळख सांगे, तिच्यावरून सर्व्हर वाचकाला इकडे किंवा तिकडे धाडी. येथे एक कुप्रसिद्ध दोष शिरला. एखाद्याने लेखाचा दुवा मित्राला पाठवावा, मित्राने तो फोनवर उघडावा आणि लेखाऐवजी मोबाइल संकेतस्थळाचे मुखपृष्ठ समोर यावे. मुखपृष्ठ तपासले गेलेले असे. आतल्या पानाचा दुवा फोनवर उघडून कोणी पाहिलेलाच नसे.

८/
२५ मे २०१० रोजी 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात ईथन मार्कोट यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव रूढ झाले. मार्कोट यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या: टक्केवारीत मोजलेली लवचीक मांडणी, आपल्या चौकटीबाहेर न जाणारी चित्रे आणि पडद्याच्या रुंदीनुसार नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी. आता पान एकच राहिले, पत्ता एकच राहिला आणि पडद्यानुसार फक्त मांडणी बदलू लागली. सप्टेंबर २०११ मध्ये बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्राचे नवे संकेतस्थळ याच तत्त्वावर सुरू झाले. एवढ्या मोठ्या वृत्तपत्राने हा मार्ग धरल्यावर तो प्रयोग उरला नाही.

९/
मात्र यामुळे तपासणी सोपी झाली नाही, उलट विस्तारली. दोन वेगळी संकेतस्थळे असताना दोन रूपे तपासावी लागत. आता रूपांची संख्याच ठरलेली नव्हती. ३२० पासून १९२० पर्यंतच्या प्रत्येक रुंदीला पान काही ना काही रूप घेणार होते. त्यातच फोन-फोनांतील ब्राउझरही सारखे नव्हते. नेदरलंड्समधील पीटर-पॉल कॉख यांनी २००९ साली अनेक फोनांवर शिस्तीने चाचण्या घेतल्या. 'मोबाइलवर वेबकिट हे एकच इंजिन आहे' हा समज चुकीचा असल्याचे त्यांनी दाखवून दिले. नाव एक, पण प्रत्येक कंपनीच्या फोनमधले त्याचे वर्तन वेगळे. आयफोनवर बरोबर चाललेली गोष्ट नोकिया किंवा अँड्रॉइडवर मोडू शकत होती.

१०/
मग इतके फोन आणायचे कोठून? मोठ्या कंपन्या ते विकत घेत. एकट्या-दुकट्या कारागिराला ते परवडत नसे. २०१२ साली इंग्लंडमधील ब्रायटन शहरात क्लिअरलेफ्ट या संस्थेच्या जेरेमी कीथ यांनी आपल्या कार्यालयातले फोन कोणालाही येऊन वापरता येतील असे जाहीर केले. मग इतरांनीही आपले जुने फोन तिथे आणून ठेवले. अशा खुल्या फोनशाळा पुढे इतर शहरांतही निघाल्या. 'ओपन डिव्हाइस लॅब' या नावाने त्या ओळखल्या गेल्या. एका टेबलावर दहा-वीस फोन ओळीने उभे, प्रत्येकावर तेच पान, आणि त्यांपुढे बसून फरक टिपणारी माणसे: त्या दशकातील तपासणीचे चित्र हे असे होते.

११/
त्याच वर्षी फायरफॉक्स १५ मध्ये संगणकावरच पडद्याची रुंदी कमी-जास्त करून पान पाहण्याची सोय आली. २०१४ मध्ये क्रोमनेही निरनिराळ्या फोनांचे सोंग घेणारी सोय दिली. त्यामुळे पहिली चाळणी संगणकावर होऊ लागली आणि ते योग्यच झाले. परंतु सोंग हे सोंगच. संगणकावरील चौकट रुंदी तेवढी खरी दाखवते. संगणकाचा वेगवान प्रोसेसर, त्याचे फॉन्ट, त्याचा उंदीर आणि त्याचा कळफलक तसेच राहतात. म्हणून जाणकारांनी काम दोन टप्प्यांत वाटले: मांडणीचे दोष संगणकावर शोधायचे आणि वापराचे दोष खऱ्या फोनवर. पुढील उदाहरणात हे दोन्ही टप्पे पाहता येतील.

१२/
उदाहरण कल्पित आहे, दोष मात्र नेहमीचे आहेत. एक इतिहासप्रेमी मंडळ गडकिल्ल्यांचे मराठी संकेतस्थळ खुले करणार आहे. त्यात किल्ल्यांचा तक्ता, छायाचित्रे आणि पदभ्रमंतीच्या नोंदणीचा अर्ज आहे. सारे काम लॅपटॉपवर झाले आहे आणि तिथे ते देखणे दिसते. पहिला टप्पा: ब्राउझरची चौकट ३२० वर आणून पान वरपासून खालपर्यंत सरकवायचे. लगेच दिसते की पान आडवेही सरकते आहे आणि उजवीकडे पांढरी पट्टी उघडी पडते आहे. याचा अर्थ कोणता तरी घटक ३२० च्या बाहेर जात आहे. डोळ्यांनी शोधण्यापेक्षा कन्सोलमध्ये या ओळी चालवणे बरे:

```
const w = document.documentElement.clientWidth;
document.querySelectorAll('*').forEach(e => {
  if (e.getBoundingClientRect().right > w) console.log(e);
});
```

१३/
गुन्हेगार दोन निघतात. पहिला तक्ता. किल्ला, तालुका, उंची, बांधणीचा काळ आणि टीप असे पाच स्तंभ ३२० मध्ये मावत नाहीत. त्याला एका चौकटीत ठेवून त्या चौकटीला `overflow-x: auto` दिले की तक्ता आपल्या जागेत आडवा सरकतो आणि बाकीचे पान स्थिर राहते. दुसरा गुन्हेगार मथळा: 'शिवराज्याभिषेकदिनोत्सव'. सामासिक मराठी शब्दात मोकळी जागा नसते, म्हणून ब्राउझरला ओळ तोडायला फट सापडत नाही. शब्द कोठेही तोडण्याची आज्ञा देता येते, पण मग समास भलत्याच ठिकाणी फुटतो आणि वाचताना ठेच लागते. अरुंद पडद्यावर मथळ्याचा आकार कमी करणे किंवा 'शिवराज्याभिषेक दिनोत्सव' असे दोन शब्द करणे अधिक सयुक्तिक.

१४/
देवनागरीचा आणखी एक दोष याच टप्प्यावर दिसतो. मंडळाने साचा इंग्रजीसाठी बनवलेला घेतला आहे. त्यातील ओळींमधले अंतर रोमन अक्षरांच्या उंचीला पुरते. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार चढतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय उतरतात. बटणाची उंची ठरीव असेल आणि बाहेरचा भाग कापला जात असेल, तर 'गर्दी' मधला रफार किंवा 'पूर्ण' मधला ऊकार छाटला जातो. संगणकावर ते लक्षात येत नाही, कारण तिथे बटण मोठे असते. उपाय साधा आहे: उंची ठरीव न ठेवता आतल्या मजकुरानुसार वाढू द्यायची आणि `line-height` दीडच्या आसपास ठेवायची.

१५/
देवनागरी आणि छोटा पडदा यांचे नाते पूर्वी याहून कठीण होते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या फोनांत देवनागरीचा फॉन्टच नसे. मराठी पान उघडले की ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांनी भरत. फॉन्ट असला तरी अक्षरजुळणी नीट नसेल तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे पडे आणि जोडाक्षरे सुटी होत. तेव्हा अनेकांनी ऑपेरा मिनीचा आधार घेतला. पत्त्याच्या जागी `opera:config` लिहून गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय चालू केला की अक्षरे चित्ररूपाने येत. आपल्या संकेतस्थळाचा मजकूर वाचकाच्या फोनवर अक्षरे म्हणून उमटतो का, हा प्रश्न मराठी प्रकाशकासाठी एके काळी सर्वांत पहिला होता.

१६/
दुसरा टप्पा: खरा फोन हातात. मंडळाचे सदस्य नोंदणीचा अर्ज उघडतात. आयफोनवर नावाच्या रकान्यावर बोट ठेवताच पान एकदम मोठे होते आणि अर्जाचा उजवा भाग पडद्याबाहेर जातो. कारण रकान्यातील अक्षर १४ पिक्सेलचे आहे. १६ हून लहान असेल तर सफारी आपणहून पान मोठे करतो. काहीजण यावर मोठे करण्याची क्रियाच बंद करून टाकतात. तो उपाय रोगापेक्षा वाईट, कारण अधू दृष्टीच्या वाचकाचा एकमेव आधार त्यामुळे काढून घेतला जातो. २०१६ साली आयओएस १० मध्ये ॲपलने ही बंदी मानणेच सोडून दिले. बरोबर उपाय एकच: रकान्यातील अक्षर १६ पिक्सेलचे करायचे. सोबत दूरध्वनीच्या रकान्याला `type="tel"` दिले की आकड्यांचा कळफलक उघडतो.

१७/
मग सर्वांत घातक दोष सापडतो. अर्ज पूर्ण पडद्याच्या उंचीचा केला आहे आणि 'नोंदणी करा' हे बटण त्याच्या तळाशी आहे. लॅपटॉपवर ते ठळक दिसते. फोनवर ते दिसतच नाही. पडद्याची उंची `100vh` या मापाने घेतली होती. फोनवरील ब्राउझर ते माप पत्त्याची पट्टी लपलेली आहे असे धरून काढतो. पट्टी दिसत असताना अर्जाचा तळ पडद्याखाली जातो आणि कळफलक उघडला की उरलेलाही भाग झाकला जातो. अर्ज आतल्या आत सरकत नसेल तर बटणापर्यंत पोहोचण्याचा मार्गच राहत नाही. २०२२ पासून ब्राउझरांत आलेले `dvh` हे माप पट्टीच्या हालचालीप्रमाणे बदलते. त्याहूनही खात्रीचा मार्ग म्हणजे बटणाला तळाशी न जखडता शेवटच्या रकान्यानंतर साधेपणाने ठेवणे.

१८/
या दोषाचे वैशिष्ट्य असे की तो कोणी कळवत नाही. वाचक 'तुमचे बटण दिसत नाही' असे लिहून पाठवत नाही, कारण बटण असायला हवे होते हे त्याला ठाऊकच नसते. तो अर्ज अर्धा भरून निघून जातो. मंडळाला वाटते की लोकांना पदभ्रमंतीत रस नाही. म्हणूनच अनुभवी तपासनीस नुसते पान पाहत नाही. तो एखादे काम आरंभापासून शेवटपर्यंत पार पाडतो: मुखपृष्ठावरून किल्ला शोधणे, माहिती वाचणे, अर्ज भरणे, पोच मिळवणे. तेही एका हाताने फोन धरून, अंगठ्याने. मेनू केवळ उंदीर वर नेल्यावर उघडणारा असेल तर तो इथेच पकडला जातो, कारण बोट पडद्यावर नुसते तरंगत ठेवता येत नाही.

१९/
शेवटी वजन. मंडळाने कॅमेऱ्यातून आलेली छायाचित्रे तशीच चढवली आहेत आणि मुखपृष्ठ ३ मेगाबाइटचे झाले आहे. कार्यालयातील वायफायवर ते क्षणात उघडते. एखाद्या घाटात सेकंदाला ४०० किलोबिट एवढाच वेग मिळाला तर त्याच पानाला सुमारे ६० सेकंद लागतात. गडाच्या पायथ्याशी वाट शोधणारा माणूस इतका वेळ थांबत नाही. क्रोममध्ये जाळ्याचा वेग मुद्दाम कमी करून हे कार्यालयात बसूनही पाहता येते. फोनवर ३२० ते ४०० पिक्सेल रुंद दिसणाऱ्या चित्रासाठी ४००० पिक्सेलची मूळ प्रत पाठवण्याचे कारण नाही. फोनच्या दाट पडद्यासाठी हजारभर पिक्सेल पुरतात. `srcset` लिहिले की ब्राउझर पडद्याला योग्य ती प्रत निवडतो.

२०/
एव्हाना चिकित्सक वाचकाला शंका आली असेल. आज ३२० पिक्सेलचे फोन फारसे उरले नाहीत. मग मोजपट्टी तीच का? याचे उत्तर दोन भागांत आहे. २०१० मध्ये आयफोन ४ आला तेव्हा पडद्यावरील खरे पिक्सेल दुप्पट होऊन रुंदी ६४० झाली. पण वेबपानाला तो ३२० च सांगत राहिला. एका वेबपिक्सेलच्या जागी चार खरे पिक्सेल उजळू लागले. म्हणजे जाहिरातीतील पिक्सेल आणि मांडणीतील पिक्सेल वेगळे झाले. '१०८० पिक्सेलचा फोन आहे, पान मावेलच' हा तर्क त्यामुळे फसतो. असा फोन पानाला साधारणतः ३६० किंवा त्याच्या आसपासची रुंदी सांगतो.

२१/
दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. जून २०१८ मध्ये डब्ल्यू३सीने सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात एक निकष आहे: ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. तक्ते आणि नकाशे यांना सूट आहे. ही संख्या आयफोनच्या आठवणीने घेतलेली नाही. १२८० पिक्सेल रुंद संगणकावर अधू दृष्टीचा वाचक पान ४०० टक्के मोठे करतो तेव्हा त्याच्यापुढे उरणारी रुंदी १२८० भागिले ४, म्हणजे ३२० असते. लहान फोनचा धनी आणि मोठ्या पडद्यावर डोळे ताणणारे आजोबा पानाच्या दृष्टीने एकाच जागी उभे असतात. एकासाठी केलेली तपासणी दुसऱ्याच्याही कामी येते.

२२/
तरीही ३२० ही तळाची रेघ नव्हे, हे भारतातच सिद्ध झाले. २०१७ साली जिओफोन आला. १५०० रुपयांच्या परताव्याच्या ठेवीवर मिळणाऱ्या या फोनमध्ये कायओएस ही प्रणाली होती आणि २.४ इंची पडदा २४० × ३२० पिक्सेलचा होता. पडदा स्पर्शाचा नव्हता. बाणांच्या कळा आणि मधली कळ एवढ्यावरच सारा व्यवहार. ज्या पानाने बोटाचा स्पर्श गृहीत धरला होता ते तिथे अडखळले. ज्या पानात साधे दुवे, साधी बटणे आणि ओळीने रचलेला मजकूर होता ते तिथेही चालले. गमतीचा भाग हा की २००८ च्या शिफारशीतील १२० पिक्सेल रुंद किमान फोन बऱ्याच जणांनी कालबाह्य ठरवला होता.

२३/
या इतिहासाचे सार तपासणीच्या क्रमात उतरले आहे. आधी व्ह्यूपोर्टची ओळ पाहायची. मग ३२० वर आडवे सरकणे शोधायचे, नंतर चौकट हळूहळू रुंद करत मांडणी कोठे तुटते ते टिपायचे. त्यानंतर एक स्वस्त अँड्रॉइड आणि एक आयफोन हातात घेऊन एकेक काम शेवटापर्यंत न्यायचे. तेही फोनमधला अक्षरांचा आकार वाढवून आणि जाळे मंद करून. सापडलेला प्रत्येक दोष फोनचे नाव, ब्राउझरची आवृत्ती, पडदा उभा की आडवा आणि नेमकी कृती यांसह नोंदवायचा, नाहीतर दुरुस्ती करणाऱ्याला तो पुन्हा घडवून पाहता येत नाही. दुरुस्ती झाली की तेच काम पुन्हा पहिल्यापासून करायचे.

२४/
जॉब्स यांच्या हातातील त्या पानाचे वाचन सुरू व्हायला दोन टिचक्या लागल्या होत्या. त्यानंतरच्या काळात फोन बदलले, ब्राउझर बदलले, मापे बदलली. कल्पित मंडळाच्या अर्जातील बटण मात्र आजही पडद्याखाली दडू शकते आणि ते दडले आहे हे कळण्याचा मार्ग अजूनही तोच आहे: खुले करण्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी साधा फोन हातात घेऊन तो अर्ज स्वतः भरून पाहणे.